मदत हवी आहे: जुलाब लागलेल्या लेकराला साखर कशासाठी?

औंढ्याची आशा
नमस्कार मंडळी. मी औंढा तालुक्यात आशा म्हणून काम करते. ओआरएस कसं कालवायचं, किती द्यायचं हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं आहे, म्हणून कृपा करून कृती सांगू नका. माझी अडचण वेगळी आहे.

परवा एका घरी १४ महिन्यांचं लेकरू होतं, वजन ९ किलो, सकाळपासून पाण्यासारखे संडास. पाकीट हातात दिलं तर आजीबाई म्हणाल्या, "जुलाबात गोड कामून देता बाई? गोडानं आणखीन लागतंय. नुसतं मीठ-पाणी द्या की." त्यात भर अशी की मी शेजारच्या घरी जाऊन येईपर्यंत सुनेनं एक लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं आणि अर्धा पेला पाजलाही. थोड्या वेळानं संडास वाढले, लेकरू पाण्यासाठी कासावीस झालं. आजीबाईंना आयतंच सापडलं. लेकराला लगेच ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, आता ते बरं आहे.

पण प्रश्न राहिलाच. साखर नेमकी काय करते? नुसतं मीठ-पाणी का चालत नाही? आणि आजीबाईंचं म्हणणं सगळंच चुकीचं आहे का?

परळीची सूनबाई
ताई, आमच्याकडे असं झालं की तांदळाची पातळ पेज मीठ घालून देतात, सोबत डाळिंबाच्या सालीचा काढा. दोन दिवसांत बांधून होतं. पाकिटांच्या नादी कशाला लागायचं?

औंढ्याची आशा
सूनबाई, मी उपाय विचारत नाहीये. साखरेचं कारण विचारतेय.

लातूरचा मास्तर
मी बारावी आणि नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. उत्तर सोपं आहे. लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन असतं. बँकेच्या लॉकरला जशा दोन चाव्या लागतात तसं हे दार आहे: सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही आले तरच उघडतं, आणि दोघंही एकदमच आत जातात. एका ग्लुकोजमागे दोन सोडियम. नुसतं मीठ नेलं तर हे दार बंदच. दार ढकलायला एटीपी, म्हणजे पेशीतली वापरायला तयार ऊर्जा, लागतं आणि ते त्याच ग्लुकोजपासून मिळतं. म्हणजे साखर चावीही आहे आणि इंधनही.

बीडकर
मास्तर, हे वाचून घाबरलो. माझ्या वडिलांना शुगर आहे आणि कालपासून त्यांना जुलाब-उलट्या चालू आहेत. ओआरएसमधल्या साखरेनं शुगर वाढणार नाही का? त्यांच्या एका गोळीच्या माहितीत एसजीएलटी असंच काहीतरी लिहिलेलं आहे.

गोदाकाठचा डॉक्टर
नांदेडला बालरोग पाहतो. आधी बीडकरांना सांगतो, कारण ते घाईचं आहे. अख्ख्या एका लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे वजनानं साधारण तीन सपाट चमचे साखर. अंगातलं पाणी संपलेल्या माणसाला तेवढ्यासाठी ओआरएस नाकारू नका, शुगर मात्र तपासत राहा. ती गोळी डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची असावी. ती मूत्रपिंडातलं एसजीएलटी-२ अडवते, आतड्यातल्या प्रथिनाचं ते भावंड. उलट्या-जुलाबात आणि खाणं बंद असताना ही गोळी सहसा थांबवतात, नाहीतर रक्तातलं आम्ल वाढू शकतं. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

आता आशाताईंचा प्रश्न. मास्तरांचं दार बरोबर आहे, दोनाला एक हा हिशेबही बरोबर. इंधनाचं मात्र तसं नाही. एसजीएलटी-१ स्वतः एटीपी वापरत नाही. पेशीच्या मागच्या बाजूला, रक्ताकडे तोंड करून, एक पंप सतत चालू असतो. तो तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. एटीपी तिथं खर्च होतं. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी असतं, आणि आतड्यातलं सोडियम आत शिरायला टपलेलं असतं. त्या ओढीवर ग्लुकोजही आत येतं. पुढं सोडियम त्या पंपातून आणि ग्लुकोज दुसऱ्या वाटेनं रक्ताकडे जातं, आणि दोघांच्या मागोमाग पाणी. आपल्याला हवं असतं ते हे पाणी. शक्ती म्हणाल तर १३.५ ग्रॅम ग्लुकोजच्या जेमतेम ५४ कॅलरी होतात. शक्तीसाठी कोणी ओआरएस देत नाही.

मग नुसतं मीठ-पाणी का नाही? निरोगी आतड्यात सोडियमला ग्लुकोजशिवायच्याही वाटा आहेत. पटकीचं उदाहरण घ्या, कारण तिथं हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं. पटकीचं विष पेशीत सीएएमपी नावाचा निरोप्या वाढवतं. त्यानं दोन गोष्टी होतात. आतड्याच्या घड्यांच्या तळातून क्लोराइड बाहेर ओतलं जातं, सोडियम आणि पाणी त्याच्यामागे जातं. आणि सोडियम शोषायची नेहमीची वाट बंद पडते. अशा वेळी पाजलेलं मीठ-पाणी बरंचसं तसंच खाली जातं, वर जुलाब वाढवतं. पण एसजीएलटी-१ ला हे विष हात लावत नाही. गळती चालू असताना शोषणाचं हे एक दार शाबूत राहतं, आणि ते ग्लुकोजशिवाय उघडत नाही. तुमच्या आजीबाईंना उत्तर हे.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात ही कल्पना अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमध्ये मांडली. १९६८ मध्ये ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर तोंडावाटे द्यायचं द्रावण वापरून सलाइनची गरज पुष्कळ कमी झाल्याचं दिसलं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं.

लातूरचा मास्तर
पंपाचं मान्य. मुलांना तेच 'दुय्यम सक्रिय वहन' म्हणून शिकवतो, इथं घाईत गडबड झाली. पण पाणी नुसतं मागोमाग येतं की ते प्रथिनच पाणीही ओढून नेतं? दर फेरीला २६० च्या आसपास पाण्याचे रेणू नेतं असं वाचलं होतं.

गोदाकाठचा डॉक्टर
तो वाद अजून मिटलेला नाही. काही संशोधक तसं मानतात, बाकीचे म्हणतात की हे साधं परासरण आहे. खाटेशेजारी बसून त्यानं फरक पडत नाही.

औंढ्याची आशा
डॉक्टरसाहेब, हे समजलं. पण मग त्या पेल्यानं संडास का वाढले? साखर होती, मीठ होतं, दोन्ही चाव्या होत्या.

गोदाकाठचा डॉक्टर
इथंच आजीबाई अर्ध्या बरोबर आहेत. हिशेब करू. आजचं ओआरएस एक लिटरला बरोबर कालवलं तर त्यात सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ असतं, एकूण विरघळलेल्या कणांची तीव्रता २४५; हे आकडे वजनाचे नाहीत, लिटरमागे मिलिमोलचे, म्हणजे कणांच्या संख्येचे आहेत. रक्ताची साधारण २९० असते. ओआरएस रक्तापेक्षा थोडं पातळ आहे, म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडे जातं. जुनं ओआरएस ३११ चं होतं, त्यात ग्लुकोज १११ होतं. कमी तीव्रतेच्या द्रावणानं जुलाब आणि उलट्या कमी होतात असं दिसलं, म्हणून २००२ पासून सूत्र बदललं.

आता तेच पाकीट २०० मिलीच्या पेल्यात. सगळं पाचपट. तीव्रता १२२५, सोडियम ३७५. दार उघडं आहे, पण त्याची क्षमता ठरलेली आहे. जे शोषलं गेलं नाही ते आतड्यात बसून रक्तातलं पाणीच आपल्याकडे ओढतं. संडास वाढतात, आणि जे सोडियम शोषलं गेलं त्यानं रक्त खारट होतं. रक्तात सोडियम १४० च्या आसपास हवं. लेकरू पाण्यासाठी कासावीस होणं, चिडचिड, पुढं सुस्ती आणि झटके, ही त्याची खूण. अर्ध्या पेल्यावरच तुम्ही पाठवलंत, चांगलं केलंत.

म्हणून त्यांना असं सांगा: गोड जास्त झालं तर खरंच लागतं, पण मापात गोड नसलं तर मीठ आत जात नाही. रसाच्या गोड डब्यांचंही तेच. त्यांत साखर फार आणि मीठ थोडं. पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बंदी घातली, ती त्यामुळेच.

आणखी एक आधीच सांगून ठेवा. ओआरएसनं जुलाब थांबत नाहीत. पहिल्या काही तासांत तेवढेच होतील. बघायचं ते लघवी झाली का, डोळ्यांत पाणी आलं का, लेकरू खेळायला लागलं का. तुमच्या ९ किलोच्या लेकराला पाणी कमी पडल्याची लक्षणं असतील तर किलोला ७५ मिली, म्हणजे ६७५ मिली चार तासांत. पाच मिलीच्या चमच्यानं १३५ चमचे, दर दोन मिनिटांच्या आतच एक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. गटागटा पाजलं की उलटतं आणि मग म्हणतात ओआरएस पचत नाही.

परळीची सूनबाई
मग पेजेत साखर नसते, तरी ती कशी चालते? का आमच्या सासूबाई उगाच देतात?

गोदाकाठचा डॉक्टर
सूनबाई, चांगलं विचारलंत. पेजेतला स्टार्च आतड्यात हळूहळू तुटून ग्लुकोज देतो. एकदम गोडाचा भार पडत नाही आणि दार मात्र उघडत राहतं. पटकीत तांदळाच्या ओआरएसनं जुलाबाचं प्रमाण कमी झालेलं पाहिलं गेलंय. पण घरच्या पेजेत मीठ किती हे रोज वेगळं, आणि पोटॅशियम जवळपास नाहीच. पाकीट आणायला वेळ लागणार असेल तर जरूर द्या. काढ्याबद्दल माझं मत विचारू नका.

लातूरचा मास्तर
घरची साखर वापरायची तर एका लिटरला सहा सपाट चमचे सांगतात, ग्लुकोजच्या जवळपास दुप्पट वजन. कारण तिचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, आणि फ्रुक्टोजचं दार वेगळं, त्याला सोडियम लागत नाही. हे माझं मी जोडलं, डॉक्टरसाहेब तपासा.

गोदाकाठचा डॉक्टर
बरोबर जोडलंत. सोबत मीठ सपाट अर्धा चमचाच. मापात शंका असेल तर साखर-मिठाच्या भानगडीत न पडता पाकीटच. एक मर्यादाही सांगतो: रोटाव्हायरसमध्ये दारं असलेल्या पेशीच झडतात, त्यामुळे काही लेकरांना ओआरएस कमी लागू पडतं. बहुतेकांना तरीही पुरतं. ओआरएस सुरू केल्यावर संडास एकदम वाढले आणि बंद केल्यावर कमी झाले, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर दाखवायला आणा.

बीडकर
आमच्या डॉक्टरांनी ती गोळी थांबवायला सांगितली. ओआरएस चालू आहे, शुगर तपासतोय. आभार.

औंढ्याची आशा
सगळ्यांचे आभार. आता आजीबाईंशी बोलायला काहीतरी आहे. शेवटचं एक विचारते. आमच्या दोन वस्त्यांवर बोअरचं पाणी इतकं खारं आहे की डाळ शिजत नाही. टँकर आठवड्यातून एकदा. मीठ पाण्यातच असेल तर पाकिटाचं माप बिघडत नाही का? पाणी जास्त घालायचं का?

गोदाकाठचा डॉक्टर
पाणी वाढवू नका, त्यानं ग्लुकोज आणि पोटॅशियमही पातळ होईल. डाळ शिजत नाही म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असावं, आणि मॅग्नेशियमनं स्वतःच संडास लागू शकतात. सोडियम किती ते चाचणीशिवाय मला सांगता येणार नाही. त्या दोन बोअरचा नमुना जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत पाठवा, आणि तोवर लेकरांच्या ओआरएससाठी टँकरचं पाणी उकळून, झाकून वेगळं ठेवायला सांगा. आकडे आले की इथं टाका.