नागपूरच्या गच्चीवर 100 टीआर

> "लोड 100 टीआर आहे, नागपूरला गच्चीवर एअर कूल्ड चिलर बसवायचाय. 100 चाच घेऊ का?"

नको. कॅटलॉगमधले 100 टीआर, म्हणजे 100 टन थंड करण्याची क्षमता, सहसा 35 अंश हवेवरचे असतात. नागपूरला मे महिन्यात पारा 45-46 वर जातो, आणि गच्चीच्या पॅरापेटला आपटून पंख्यांची गरम हवा परत कॉइलकडे येते. आमच्या साइटवर दुपारी तीनला कॉइलसमोर थर्मामीटर धरला तर 49 दिसले, हवामान खात्याचे 45 असताना.

अशा हवेत कंडेन्सरचं प्रेशर चढतं, क्षमता घटते आणि कॉम्प्रेसर वीज मात्र जास्त खातो. हाय प्रेशरवर ट्रिप होऊ नये म्हणून कंट्रोलर स्वतःच कॉम्प्रेसर अनलोड करतो, म्हणजे कमी क्षमतेवर आणतो. चिलर चालू दिसतो, पण पाणी 7 ऐवजी 10 अंशांनी येतं.

म्हणून कंपनीकडून 50 अंशांवरचं सिलेक्शन शीट मागा, तुमच्याच पाण्याच्या तापमानाला. समजा त्यावर नाममात्र क्षमतेच्या 0.87 पट निघाली, तर 100 ला 0.87 ने भागून 115, म्हणजे 120 चं मॉडेल. केबल आणि ब्रेकरही 50 अंशांच्या करंटवर ठरवा. 'हाय अँबियंट किट'ने चिलर जास्त उष्ण हवेत चालू राहतो, घटलेले टीआर परत येतातच असं नाही. सेल्सवाले हे सहसा सांगत नाहीत.