कापूस विकल्यावर पहिले पैसे कुठं जातात?

> साक्षगंधाआधी पैशाचं बोलायचं आहे. मी पगारदार, तो शेतकरी. सुरुवात कशी करू?

ताई, "किती कमावतोस" विचारू नको. कापूस विकल्यावर पहिले पैसे कुठं जातात, ते विचार. आम्ही साक्षगंधाआधी वहीच घेऊन बसलो होतो. पाच एकरांत ३५ क्विंटल, ७,००० च्या भावानं २,४५,०००. बियाणं, खत, फवारणी, वेचाई मिळून १,२५,००० गेले. उरले १,२०,०००, म्हणजे महिन्याला १०,०००. हातात एकदम आलेली रक्कम मोठी वाटते, म्हणून खर्चही तेव्हाच होतो.

कृषी केंद्राची उधारी आणि पीककर्ज वेगळं विचार. उधारी सहसा कागदावर नसते. ती उधारी टाळायची, हेच आम्ही पहिलं ध्येय ठेवलं: जूनच्या पेरणीचे ४०,००० जानेवारीतच मुदत ठेवीत. तुझ्या पगारातून दरमहा आवर्ती ठेव चालेल, त्याच्याकडून मात्र दरमहा मागू नको.