नाइट ड्युटीने पाळी लांबते, पण दरवेळी का नाही?

किनारा: मदत हवी आहे. मी रत्नागिरीत नर्स आहे. पाच-सहा आठवड्यांनी एकदा आठवडाभर नाइट लागते. एरवी पाळी 28 दिवसांची. यंदा 3 जूनला आली, 11 ते 17 जून नाइट होती आणि पुढची थेट 9 जुलैला आली. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह होती. मग 26 जुलै ते 1 ऑगस्ट परत नाइट, लगेच रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन आले, तरी पाळी 6 ऑगस्टला, अगदी वेळेवर! असं का?

वाडीवरची: गणपतीत अडचण नको म्हणून मी गोळ्या घेते. बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तूही घे, तारीख पक्की.

माडाखाली: रात्रीच्या उजेडात मेलॅटोनिन कमी होतं, म्हणून पाळी लांबते. आणि गाडीच्या प्रवासात तर शरीराचं घड्याळच बदलतं.

चिपळूणची डॉक्टर: उजेडाचं बरोबर. पण मुंबईला जाऊन घड्याळ बदलत नाही, फक्त झोप मोडते. अमेरिकेला गेलात तर दिवस-रात्र उलटी होते.

किनारा, तारखा मागून मोजा. स्त्रीबीज सुटल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते आणि हा काळ फारसा हलत नाही. लांबतो तो त्याच्या आधीचा. 9 जुलैपासून मागे गेलात तर बीज 25 जूनच्या सुमारास सुटलं, एरवी 17 च्या आसपास सुटलं असतं. म्हणजे नाइट नेमकी त्याच्या तोंडावर आली. बीज सोडायला लावणारं संप्रेरक मेंदूतल्या घड्याळाच्या तालावर वाढतं, बहुतेकदा पहाटे. झोप आणि उजेड उलटे झाले की ते मागे पडू शकतं. जुलैत बीज 23 च्या सुमारास सुटून गेलं होतं, नाइट नंतर लागली. हा तारखांवरून काढलेला अंदाज आहे, पण तुमच्या दोन्ही महिन्यांना लागू पडतो.

त्या गोळ्यांनी पाळीची तारीख सरकते, बीज उशिरा सुटणं थांबत नाही. कृपया स्वतःच्या मनाने घेऊ नका.

किनारा: आता उलगडलं! पण माझ्याबरोबर त्याच नाइट करणाऱ्या मैत्रिणीची पाळी कधीच हलत नाही.

चिपळूणची डॉक्टर: प्रत्येकीचं शरीर वेगळं, याहून नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. सगळं नाइटवर मात्र ढकलू नका. पाळी वारंवार 35 दिवसांपुढे जायला लागली तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासा. प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं, त्यामुळे नाइटनंतर दुपारी झोपून उठल्याउठल्या रक्त दिलंत तर आकडा उगाच जास्त दिसेल. उठल्यावर दोन-तीन तास जाऊ द्या आणि लॅबला ड्युटीची वेळ सांगा.

वाडीवरची: डॉक्टर, मग गणपतीसाठी काय करू? मला बीपीची गोळी चालू आहे.

चिपळूणची डॉक्टर: मग आधी बीपी दाखवा. हे इथे लिहून ठरवण्यासारखं नाही.