पदर सुटणारा पराठा: तूप, तवा आणि आच. तुमचे अनुभव लिहा

जुळे सोलापूरकर

आमच्याकडे सणावाराला पुरणपोळी, एरवी भाकरी आणि घडीची पोळी. पदराचा पराठा घरात आला तो मुलीच्या हट्टामुळे. गेले चार महिने दर रविवारी करते आहे. पीठ, पाणी, लाटणं हे बऱ्यापैकी जमलंय. अडतं ते तव्यावर. पहिला पराठा छान होतो, हातात धरून दाबला की पदर वेगळे होतात. चौथा-पाचवा मात्र वरून काळे डाग पडलेला आणि आत चिकट. गॅस तोच, तवा तोच, तूप तेच. जानेवारीत असं फारसं होत नव्हतं, एप्रिलपासून जास्त होतंय, म्हणून हवेचाही काही संबंध असेल असं वाटतं.

धागा त्यासाठीच काढलाय. तव्यावर काय करता, तूप केव्हा सोडता, आच किती ठेवता, एक बाजू किती वेळ, हे आपापल्या अनुभवातून लिहा. आपल्या हातून बिघडलेला पराठा आणि त्याचं सापडलेलं कारण असेल तर तेही जरूर सांगा.

रस्सा_भाकरी

ताई, माझं मत स्पष्ट आहे. मैद्याशिवाय पदर नाहीत आणि मोठ्या आचेशिवाय खुसखुशीतपणा नाही. हायवेच्या ढाब्यावर बघा, भट्टीसारखा जाळ असतो, मिनिटात पराठा तयार. मंद गॅसवर ठेवला की चामडं होतं. मी गॅस पूर्ण मोठा ठेवतो, तूप आधीच तव्यावर ओततो आणि पराठा त्यात टाकतो.

खानावळवाली काकू

नवी पेठेच्या बाजूला बावीस वर्षं खानावळ चालवली, आता मुलगा बघतो. पोळ्या हजारांनी लाटल्या, पराठे त्या मानाने कमी, पण पदराचं शास्त्र दोन्हीकडे एकच.

रस्सा_भाकरी भाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे. मंद आचेवर चामडं होतं, हे अगदी खरं. पण मैद्याशिवाय पदर नाहीत म्हणता, तर आपली घडीची पोळी कशाची असते? नुसत्या गव्हाची, आणि तिचे पदर सुटतात की ओ. गव्हाची कणीक फक्त जास्त वेळ झाकून ठेवावी लागते. अर्धा तास तरी. कोंडा भिजून मऊ झाला नाही तर लाटताना तोच पदराला भोकं पाडतो.

ढाब्याचा तवा बोटभर जाड असतो. त्यावर गार पराठा पडला तरी तवा गार होत नाही. आपल्या घरच्या पातळ तव्याखाली तेवढा जाळ लावला तर मधला भाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात.

आता पदर सुटतात कशाने ते सांगते, म्हणजे आच का बदलायची ते कळेल. कणकेत पाणी असतं. तवा तापलेला असला की त्या पाण्याची झटकन वाफ होते. दोन पदरांच्या मधे तूप असल्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि वाफ त्यांना उचलते. तवा गार असेल तर पाणी हळूहळू उडून जातं, उचलायला जोर उरत नाही आणि पराठा वाळून बिस्किटासारखा होतो. तवा फार तापला तर वरचा पदर आधीच कडक होतो, आतल्यांना शिजायला वेळ मिळत नाही.

म्हणून मी असं करते. पाव किलो कणीक, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तूप, दीडशे मिली पाणी. यात सहा पराठे होतात. बिडाचा तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवते. पाण्याचा थेंब टाकला की तो बसून उडता कामा नये, गोळी होऊन नाचला पाहिजे. मग पराठा कोरडाच टाकायचा, तूप नाही. साधारण अर्ध्या मिनिटात वरचा रंग फिका पडतो, ओलसर चकाकी जाते, बारीक फोड दिसतात. उलटायचा. दुसरी बाजू थोडी जास्त, पाऊण मिनिट. इथपर्यंत आच मध्यमच, जरा मोठीकडे. तूप यानंतर. वर अर्धा चमचा पसरून उलटायचा, त्याही बाजूला अर्धा चमचा, आणि आता आच मध्यमपेक्षा खाली आणायची. घडी केलेल्या फडक्याने कडा दाबत, गोल फिरवत, दोन्ही बाजू मिळून सव्वा-दीड मिनिट. सगळं धरून तीन मिनिटांच्या आसपास.

तूप आधी ओतलं तर काय होतं? ओली कणीक ते पिते, बाहेरची कातडी बसायच्या आत तळायला लागते, आणि पराठा तेलकट होतो. म्हणून ते शेवटी.

आता तुमच्या चौथ्या पराठ्याचं. बीड उष्णता धरून ठेवतं. पहिला पराठा टाकताना तवा जेवढा तापलेला असतो, चौथ्याच्या वेळी त्याहून कितीतरी जास्त असतो, कारण खाली गॅस चालूच आणि मधे लाटायला वेळ जातो. दोन पराठे झाले की गॅस कमी करा किंवा तवा अर्धा मिनिट उतरवून ठेवा. आणि प्रत्येक पराठ्यानंतर तवा कोरड्या फडक्याने पुसा. लाटताना लावलेलं सुकं पीठ तव्यावर पडून जळतं, काळे डाग बहुतेक त्याचेच.

धपाटे_प्रेमी

आमच्या आईचं सांगते. ती ज्वारी, बेसन, थोडी कणीक, लसूण, तीळ घालून ओल्या फडक्यावर थापते आणि मधे भोक पाडून तेल सोडते. झाकण ठेवून मंद आचेवर. अतिशय खमंग लागतं. तुपाऐवजी शेंगदाण्याचं तेल घालून बघा.

जुळे सोलापूरकर

धपाटे_प्रेमी, धपाटे आमच्याकडेही होतात, आईची कृती छान आहे. पण त्यात पदर नसतात, त्यामुळे झाकण चालतं. इथे झाकण ठेवलं तर वाफ परत पराठ्यावर बसते.

काकू, तवा पुसण्याचं कधीच केलं नव्हतं. पण हवेचं काय? एप्रिलपासूनच का?

अक्कलकोट रोड

हवेचं माझ्याकडे उत्तर आहे, कारण माझा नेमका त्यातच घोटाळा झाला होता.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तूप बरणीत थिजलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि तेच तूप पाण्यासारखं वाहतं. पराठ्याच्या आत लावायचं तूप पातळ असेल तर वळकटी करताना बाजूने निघून जातं. उरलेलं कणकेत जिरतं. मग पदर एकमेकांना चिकटतात, आतला भाग जाड गोळ्यासारखा राहतो आणि तो कितीही भाजा, चिकटच लागतो. आपण समजतो आच चुकली.

ओळखायची खूण अशी: पराठा कोरडा टाकलाय, अजून वरून तूप घातलेलं नाही, तरी कडेने तूप गळून चरचर ऐकू येते. म्हणजे आतलं तूप बाहेर आलं.

आता उन्हाळ्यात मी वाटी थंड पाण्यात ठेवते, तूप मलमासारखं झालं की लावते. बोटाने फिरवलं की रेघ राहिली पाहिजे. त्यावर चिमूटभर सुकं पीठ भुरभुरते, ते तूप धरून ठेवतं. वळकटी गुंडाळून चकली केली की झाकून दहा मिनिटं बाजूला. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. मी एकदा ठेवली होती, तूप दगडासारखं झालं आणि लाटताना त्याच्या कणांनी पदर फाटले. थंडीच्या सकाळी बरणीतलं रवाळ तूप तसंच लावलं तरीही हेच होतं.

रस्सा_भाकरी

काकू, आज तुमच्या पद्धतीने केले. तूप शेवटी घातलं, मान्य, कमी तेलकट झाले. पण मला कडा हव्या तेवढ्या खरपूस मिळाल्या नाहीत. शेवटची वीस सेकंदं मी परत मोठा गॅस केला, तेव्हा मिळाल्या. आणि मैदा तिसरा हिस्सा घातला होता, तो मी सोडणार नाही.

खानावळवाली काकू

शेवटी मोठा गॅस चालेल, आतून शिजलेला असेल तर. मधोमध तोडून बघा, पदरांच्या मधे पांढरी, मेणासारखी रेघ दिसली तर कच्चा आहे, तेव्हा आच वाढवून उपयोग नाही. मैद्याबद्दल ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न.

वसतिगृह_खोली

मी शिकायला बाहेर आहे, माझ्याकडे फक्त इंडक्शन आणि सपाट तवा. मधे वाटीएवढा भाग पटकन करपतो, कडा पांढऱ्या. कमी आकड्यावर ठेवलं तर शेगडी चालू-बंद, चालू-बंद होते. माझे पराठे कडक होतात.

अक्कलकोट रोड

शेगडीतली तारेची गुंडाळी तव्यापेक्षा लहान असते, म्हणून मधेच तापतं. पराठा लहान लाट, पाच इंची, आणि दर दहा-बारा सेकंदांनी जागेवर फिरवत राहा. चालू-बंदमुळे तव्याची उष्णता वरखाली होते, त्याला जाड बुडाचा तवा थोडा आधार देतो. पूर्ण उपाय मला सापडलेला नाही. कुणाला जमलं असेल तर लिहा.

पूर्व भागातला

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. तव्यावरून उतरवल्यावर लगेच दोन्ही तळव्यांनी बाजूने आत ढकलायचा, फडक्यात धरून. गरम असतानाच पदर सुटतात, गार झाल्यावर तुकडे पडतात. आणि डब्यात एकावर एक झाकून ठेवू नका. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी चाळीस पराठे केले, स्टीलच्या डब्यात भरले, तासाभरात सगळे लुसलुशीत पोळ्या झाले. आता टोपलीत फडकं घालून उभे लावतो.

घडी की चकली, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आई त्रिकोणी घडी करते, बायको चकली. मला आईच्या घडीत पदर कमी पण मोठे वाटतात, बायकोच्या चकलीत बारीक आणि खूप. आच मात्र चकलीला जरा कमी लागते, मध्यभागी जाड असते म्हणून.

जुळे सोलापूरकर

आज सकाळी केले, सहा. तूप थंड पाण्यात ठेवून मलमासारखं केलं, दोन झाल्यावर गॅस कमी केला, प्रत्येक वेळी तवा पुसला. पाचपर्यंत काळा डाग नाही, पदर सुटले. सहावा आतून किंचित चिकट निघाला. तोवर अकरा वाजले होते, ओट्यावरची वाटी परत पातळ झाली होती आणि मी तसंच लावलं. पुढच्या रविवारी सहाही चकल्या आधी करून ठेवून बघते. फक्त एवढ्या उकाड्यात त्या अर्धा तास बाहेर राहिल्या तर आतलं तूप पाझरेल का, हे कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.