थाट : भूप ‘कल्याण थाटाचा’ का?

नेरूळकर : लेकीच्या गाण्याच्या वहीत ‘राग भूप, थाट कल्याण’ असं लिहिलंय. कल्याणची खूण म्हणजे तीव्र मध्यम, आणि भूपात तर मध्यमच नाही. मग ‘कल्याण थाटाचा’ हे कोणत्या अर्थानं म्हणतात?

नौपाडा_७ : थाट म्हणजे जनक. कल्याणातून मध्यम आणि निषाद वगळले की भूप जन्मतो. सोपं आहे.

ऐरोलीचा सतारवाला : आमच्याकडे थाट म्हणजे पडद्यांची मांडणी. रागाप्रमाणे पडदे सरकवून थाट लावतात. भूपासाठी मध्यम-निषादाचे पडदे कुठेही असले तरी काय फरक पडतो!

कोपरीच्या ताई : नौपाडा, हेच दोन स्वर बिलावलातून वगळा, नाहीतर खमाजातून. प्रत्येक वेळी सा रे ग प ध एवढेच उरतात. म्हणजे नुसत्या स्वरांवरून भूपाचा थाट ठरतच नाही. भातखंड्यांनी हयात असलेले राग दहा थाटांत लावले. थाटांतून राग जन्मले नाहीत. थाट कोणी गात नाही, त्याला आरोह-अवरोह नाही, वादी नाही.

आता देशकार घ्या. स्वर तेच पाच, पण थाट बिलावल. भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावतो, मंद्र धैवतावरून षड्जाला येतो, चाल कल्याणसारखी. देशकार सकाळचा, सगळा जीव धैवतात, उत्तरांगात खेळतो, रिषभाला फार थांबू देत नाही. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलात की ऐकणाऱ्याला देशकार दिसू लागतो. थाट ठरवताना कानानं ओळखलेलं हे अंगच बघितलं. वहीत मात्र थाटाचं नाव तेवढं उतरतं, चाल उतरत नाही.

नेरूळकर : म्हणजे परीक्षेत काय लिहायचं?

कोपरीच्या ताई : कल्याणच. गुण त्यालाच आहेत. पण लेकीकडून दोन्ही राग लागोपाठ गाऊन घ्या.

नौपाडा_७ : ठीक, भूपाचं मान्य. पण सात स्वरांच्या रागाला तरी जनक बरोबर लागू पडतो ना?

कोपरीच्या ताई : मधुवंती बघा. अवरोहात सातही स्वर आहेत, गंधार कोमल, मध्यम तीव्र, बाकी सगळे शुद्ध. दहांपैकी एकाही थाटात हा संच बसत नाही. रे, ग, ध, नी कोमल किंवा शुद्ध, आणि मध्यम दोनांपैकी एक, असं धरलं तर ३२ संच होतात. त्यांतले दहाच घेतलेत. मधुवंतीला बरेच जण तोडीत ढकलतात. तोडीचे रे-ध कोमल, हिचे शुद्ध, तरीही!

ऐरोलीचा सतारवाला : का ढकलतात पण? मुलतानीसारखी वाटते म्हणून?

कोपरीच्या ताई : तसंच असावं. चाल मुलतानीच्या जवळची, आणि मुलतानी तोडी थाटातली. मला तरी ते पटत नाही.

नौपाडा_७ : मग ‘थाट नाही’ असंच लिहा ना सरळ.

ऐरोलीचा सतारवाला : परीक्षकांना विचारून बघा!