मदत हवी आहे: बाबांना फळं मिक्सरमधून दिली की साखर जास्त येते

सईची_आई: बाबा ६८ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. दाढा काढल्यापासून पेरू-सफरचंद चावत नाही. म्हणून सकाळी एक सफरचंद, अर्धा पेरू, एक केळं आणि दोन खजूर मिक्सरमधून काढते आणि पेरूच्या बिया लागतात म्हणून गाळून देते. आधी फळांच्या फोडी खायचे तेव्हा दोन तासांनी साखर १६० च्या आसपास असायची, आता १९० येते. वर अकरा वाजता "काहीतरी दे गं खायला". मिक्सरमुळेच होतंय का हे?

कोकणचा_बाबू: अहो, पात्याने फायबर मरतं. उरतं ते साखरेचं पाणी.

पातळ_आमटी: बाबू, पात्याने फायबर बारीक होतं, मरत नाही. जातं ते गाळणीत, चोथ्याबरोबर. १९७७ मध्ये दहा जणांवर एक प्रयोग झाला होता. एकदा अख्खी सफरचंदं, एकदा त्यांचा लगदा, एकदा चोथा काढलेला रस, साखर तिन्हीत तेवढीच. फळ खायला जितका वेळ लागला त्याच्या अकराव्या हिश्श्यात रस पिऊन झाला. पोट भरल्यासारखं वाटलं ते फळाने सर्वात जास्त, मग लगद्याने, रसाने सर्वात कमी. इन्सुलिन मात्र रस आणि लगदा दोन्हींनी फळापेक्षा जास्त वाढलं.
पण २०२२ च्या एका प्रयोगात उलटं दिसलं. सफरचंद आणि ब्लॅकबेरी मिक्सरमधून दिल्यावर साखर अख्ख्या फळांपेक्षा कमी चढली. बिया दळल्या जाऊन त्यांतलं फायबर मोकळं होतं, असा अंदाज. ते सगळे तरुण आणि निरोगी होते, आणि बिया पेरूच्या नव्हत्या, हे लक्षात ठेवा. तरी तुम्ही बियाच गाळून टाकताय! आणि आधी वाटीत फळं किती असायची?

लेस्टरकर: इथे इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीच्या वर नको म्हणतं. मी रोज शिकरण खातो, मला काही होत नाही.

कोकणचा_बाबू: तुम्हाला मधुमेह आहे का पण?

सईची_आई: वाटीत अर्धं सफरचंद आणि केळ्याच्या चार-पाच चकत्या. खजूर नाहीच. लिहिताना माझंच मला कळलं.

पातळ_आमटी: मग आधी माप सारखं करा. तेवढीच फळं, खजूर बंद, न गाळता, आणि चमच्याने सावकाश खाऊ द्या. बिया टोचत असतील तर पेरू वगळा. पहिल्या घासापासून दोन तास मोजा, तीन-चार दिवस. मीटर स्वतःच १५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं, एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका.

सईची_आई: चार दिवस केलं: १६८, १७४, १५९, १७१. खजूर गेला म्हणून, की गाळणं थांबलं म्हणून, कोण जाणे. आकडे डॉक्टरांना दाखवणार आहे. अकराची भूक मात्र तशीच आहे.

पातळ_आमटी: भुकेसाठी पिकलेल्या पपईच्या फोडी देऊन बघा, हिरड्यांनीही चावता येतात.