अहवालातील आकड्यांचा तक्ता

> पतसंस्थेच्या अहवालात आकडे उजवीकडे घेतले तरी एकाखाली एक येत नाहीत. पट्ट्याही छापल्यावर गडद दिसतात.

बहुतेक वेळा घोळ तोट्याच्या कंसाचा असतो. वर 1,284.50 आणि खाली (12.75) असेल, तर शेवटचा कंस कडेला जाऊन बसतो आणि आकडा तेवढा आत सरकतो. एक्सेलमध्ये Ctrl+1 दाबून Custom मध्ये हे टाका:

```
#,##0.00_);(#,##0.00)
```

यातला `_)` नफ्याच्या आकड्यापुढे कंसाएवढी जागा मोकळी सोडतो, म्हणून दशांशचिन्हं एका रेषेत येतात. 96.5 चं 96.50 आपोआप होतं. स्तंभाचं शीर्षकही उजवीकडेच घ्या.

‘रक्कम रु. लाखांत’ हे तक्त्याच्या वर उजवीकडे एकदाच लिहा, प्रत्येक आकड्यापुढे ‘लाख’ नको. सभासदसंख्या मात्र लाखांत नसते, तेव्हा त्या ओळीच्या नावातच ‘संख्या’ लिहा आणि तिला `#,##0_)` द्या.

पट्ट्यांना एकाआड एक ओळीत ५ टक्के काळा पुरे. स्क्रीनवर तो जेमतेम दिसतो, पण छापायला देताना अहवालाच्याच कागदावर एक पान काढून बघाच. झेरॉक्सवर पट्टीचे ठिपके उमटून दशांशचिन्ह हरवत असेल, तर पट्ट्या काढून बारीक आडव्या रेघा मारा. बेरजेच्या ओळीला रंग नको, वर एक रेघ आणि ठळक अक्षर एवढंच.